बँड सरकत नसतो

बसा खाली. पेपर हातात आले की गुण मोजू नका, चौथा प्रश्न उघडा आणि आपण काढलेली आकृती नीट बघा. प्रश्न साधा होता. जड नायट्रोजनवर वाढवलेले ई. कोलाय जिवाणू साध्या नायट्रोजनमध्ये आणले, तर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीनंतर डीएनएचे बँड कुठे दिसतील? वर्गातल्या जवळपास प्रत्येकाने उत्तराच्या शेवटी दोन रेघा ओढून लिहिलंय, की म्हणून डीएनएचं प्रतिकृतीकरण सेमीकन्झर्व्हेटिव्ह असतं. छान. आता वरची आकृती बघा. बऱ्याच जणांच्या आकृतीत एकच बँड आहे. पहिल्या पिढीत तो मधोमध, दुसऱ्या पिढीत थोडा वर, तिसऱ्या पिढीत आणखी थोडा वर.

अरे, आपण काय काढलंय हे तुम्हाला कळलं तरी का? ही आकृती सेमीकन्झर्व्हेटिव्हची नाहीच. या प्रयोगाने जी कल्पना मोडीत काढली, त्या डिस्पर्सिव्ह कल्पनेची ही आकृती आहे. वर पुरावा एकाचा आणि खाली निकाल दुसऱ्याच्या बाजूने. गुण कशाचे द्यायचे मी, खालच्या दोन रेघांचे? निष्कर्ष गाइडातून तोंडपाठ केलाय आणि आकृती शेजारच्याच्या पेपरात डोकावून काढली आहे. तिसऱ्या आणि चौथ्या बाकावर तर चूकही एकाच जागी, एकाच तऱ्हेची झाली आहे. त्यावर आज बोलत नाही.

आज त्या बँडबद्दलच बोलायचं आहे. वह्या बंद ठेवा आणि ऐका.

वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये दुहेरी सर्पिल मांडलं, तेव्हाच सुचवलं होतं की दोन धागे सुटतील आणि प्रत्येक जुना धागा नव्या धाग्यासाठी साचा होईल. तुम्हाला हे आता इतकं सरळ वाटतं, की यावर कोणाला शंका आली असेल असं तुमच्या मनातही येत नाही. शंका आली होती, आणि ती कुणा ऐऱ्यागैऱ्याला नाही, मॅक्स डेलब्रुकला. तुम्ही भिवंडीची मुलं आहात. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी लूम आहे, नाहीतर घरातलं कोणीतरी लूमवर कामाला जातं. पीळ दिलेल्या दुपदरी सुताचा लांबच लांब धागा हातात घ्या आणि दोन पदर एका टोकापासून सोडवायला लागा. पुढे काय होतं? सगळा पीळ गोळा होऊन गुंता होतो. धागा गोल फिरवत राहिल्याशिवाय पदर सुटत नाहीत. डेलब्रुकची अडचण हीच होती. डीएनएमध्ये दर दहा जोड्यांमागे एक पीळ आणि जोड्या लाखांनी. एवढे पीळ पेशीत, तेही काही मिनिटांत, उलगडणार कसे? म्हणून त्याने 1954 मध्ये वेगळाच मार्ग सुचवला: धागे थोड्या थोड्या अंतरावर तुटतात, तुकड्यातुकड्याने नक्कल होते आणि जुने-नवे तुकडे पुन्हा सांधले जातात. तसं झालं, तर प्रत्येक धाग्यात जुनं आणि नवं मिसळलेलं असणार. हीच डिस्पर्सिव्ह कल्पना. तिसरी शक्यता कन्झर्व्हेटिव्ह: जुना रेणू अख्खाच्या अख्खा शाबूत राहतो आणि त्याच्याकडे बघून पूर्ण नवा रेणू तयार होतो.

म्हणजे तीन दावेदार होते. यातले दोन खोटे ठरतील असा प्रयोग हवा होता. तो मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केला आणि 1958 मध्ये छापला. तुमच्यापैकी एकाने 'मेसेलसन स्टाल' हे एकाच माणसाचं नाव समजून 'त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत' असं लिहिलंय. दोन माणसं होती. आणि तिसरा जेरोम विनोग्राड, ज्याच्याबरोबर त्यांनी ही घनतेनुसार वेगळं करण्याची पद्धत बसवली. त्याचं नाव तुमच्या गाइडात नाही, म्हणून तुमच्या पेपरातही नाही.

आता नायट्रोजन. चार-पाच जणांनी लिहिलंय, 'रेडिओअॅक्टिव्ह नायट्रोजन वापरला.' पुस्तकात चक्क लिहिलेलं असतं की नायट्रोजन-15 किरणोत्सारी नाही, तरी तुम्ही लिहिता, कारण 'आयसोटोप' हा शब्द दिसला की तुमचं पेन आपोआप 'रेडिओअॅक्टिव्ह'कडे वळतं. तो स्थिर आहे. त्यातून काहीही बाहेर पडत नाही. त्याच्यात एक न्यूट्रॉन जास्त आहे, म्हणून तो जड आहे, बस्स. आणि नायट्रोजनच का? कारण तो बेसांमध्ये भरपूर असतो. अॅडेनिन आणि थायमिनच्या जोडीत सात अणू, ग्वानिन आणि सायटोसिनच्या जोडीत आठ. प्रत्येक जोडीमागे सात-आठ एककं वजन वाढतं, पण रेणूचा आकार काही वाढत नाही. म्हणजे घनता वाढते. किती वाढते? पूर्ण जड आणि पूर्ण हलक्या डीएनएच्या घनतेत घन सेंटिमीटरला 0.014 ग्रॅमचा फरक पडतो. मूळ घनता 1.71 च्या आसपास, म्हणजे फरक एक टक्काही नाही. हा फरक दिसायचा तर अख्खी पद्धतच तेवढी बारीक हवी.

इथे तुमची दुसरी मोठी चूक. 'जड डीएनए तळाला बसतो आणि हलका वर तरंगतो.' नाही. तळाला काहीच बसत नाही. सिझियम क्लोराइडचं दाट द्रावण घेतात, त्यात डीएनए मिसळतात आणि मिनिटाला 44,770 फेऱ्या या वेगाने वीस तास फिरवतात. एवढ्या वेगात खुद्द सिझियमचे आयनही बाहेरच्या बाजूला थोडे ढकलले जातात. त्यामुळे द्रावणाची घनताच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चढत जाते. डीएनएचा रेणू त्या चढणीवर स्वतःची घनता जिथे जुळते तिथे येऊन थांबतो. त्याहून खाली गेला तर द्रावण त्याला वर उचलतं, वर गेला तर तो खाली जातो. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं यावर अवलंबून आहे. रेणू लांब असो वा आखूड, थांबायची जागा तीच. पेशी फोडताना, पिचकारीतून द्रावण काढताना डीएनएचे तुकडे पडतातच. आखूड तुकड्यांचा बँड थोडा रुंद होईल, पण जागा बदलणार नाही.

मग जागा कशावर ठरते? या प्रयोगात, रेणूत जड नायट्रोजन किती टक्के आहे त्यावर. आणि बँड किती ठळक, किती फिकट, हे कशावर? त्या जागी किती रेणू आहेत त्यावर. मेसेलसन आणि स्टाल यांनी अतिनील प्रकाशात फोटो काढले. डीएनए तो प्रकाश शोषतो, म्हणून फोटोत काळा पट्टा दिसतो, आणि तो जितका काळा तितका डीएनए जास्त. जागा रेणूची जात सांगते आणि काळेपणा रेणूंची संख्या. तुमच्या आकृतीत या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पिढ्या वाढल्या की जड नायट्रोजन 'कमी होतो' एवढं तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही बँड वर सरकवला. अरे, एकूण कल्चरमध्ये जड नायट्रोजनचं प्रमाण कमी होतं, हे खरं. पण बँड कल्चरची सरासरी दाखवत नाही. तो एकेका रेणूची घनता दाखवतो.

आता भाकितं लिहूया, पण आधी विचार करून.

सुरुवातीला जिवाणू चौदा पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले. सगळा डीएनए जड, एकच बँड, जड जागी. मग त्या कल्चरमध्ये साध्या नायट्रोजनचं अमोनियम क्लोराइड दहा पटीने ओतलं. आता जे काही नवं बनेल ते जवळजवळ सगळं हलकं.

एका पिढीनंतर कन्झर्व्हेटिव्ह खरं असेल, तर जुने अख्खे जड आणि नवे अख्खे हलके. दोन बँड, जड जागी आणि हलक्या जागी, निम्मे निम्मे, मध्ये काहीच नाही. सेमीकन्झर्व्हेटिव्ह खरं असेल, तर प्रत्येक रेणूत एक जड धागा, एक हलका. एकच बँड, बरोबर मध्यावर. डिस्पर्सिव्ह खरं असेल, तर प्रत्येक धागा अर्धा जड, अर्धा हलका. तोही एकच बँड, तोही मध्यावर. पाहिलंत? पहिल्या पिढीनंतर कन्झर्व्हेटिव्ह बाद झाला, पण उरलेले दोघे एकाच जागी उभे आहेत. तुमच्यातल्या हुशार समजणाऱ्या काही जणांनी पहिल्या पिढीवरच 'यावरून सिद्ध होते' असं लिहून टाकलं. अजिबात सिद्ध होत नाही.

निवाडा दुसऱ्या पिढीत. डिस्पर्सिव्हमध्ये प्रत्येक रेणू पुन्हा अर्धा होतो, चौथा भाग जड उरतो, आणि सगळे रेणू एकसारखे. म्हणजे एक बँड, मध्य आणि हलकी जागा यांच्या बरोबर मधे. तिसऱ्या पिढीत आठवा भाग, आणखी वर. हेच तुम्ही काढलंय! सेमीकन्झर्व्हेटिव्हमध्ये जुना जड धागा अखंड राहतो. त्याला नवा हलका जोडीदार मिळतो, म्हणजे तो रेणू हायब्रिडच राहतो. आणि पहिल्या पिढीतल्या हलक्या धाग्याला हलकाच जोडीदार मिळतो, तो रेणू पूर्ण हलका. दोन बँड, एक मध्यावर, एक हलक्या जागी, निम्मे निम्मे. चौथ्या भागाच्या जागी काहीही नाही.

प्रत्यक्षात काय दिसलं? त्यांनी फक्त पूर्ण पिढ्या मोजल्या नाहीत, मधल्या वेळचेही नमुने घेतले. 0.3 पिढी, 0.7 पिढी, 1, मग पुढे 1.9, 2.5, 3, 4.1. जिवाणू एका तालात विभागत नव्हते, कोणी आधी कोणी नंतर. म्हणून 0.3 पिढीच्या वेळी जड बँड थोडा फिकट झाला होता आणि मध्यावर हायब्रिडचा फिकट पट्टा उगवला होता. दोन्हींच्या मधे रिकामं. 1 पिढीला जवळजवळ सगळं मध्यावर. 1.9 पिढीला हायब्रिड आणि हलका, साधारण सारखे. पुढे हलका ठळक होत गेला आणि हायब्रिड फिकट. कुठेही, एकाही नमुन्यात, बँड चालत चालत वर गेला नाही. जुना पट्टा जागच्या जागी फिकट झाला आणि नवा पट्टा त्याच्या ठरलेल्या जागी वाढत गेला. म्हणून प्रश्नात 'अर्ध्या पिढीनंतर' विचारलं आणि तुम्ही जड व मध्य यांच्या मधोमध एक बँड काढलात, तर मी शून्य देणार. उत्तर दोन बँड आहे.

एक गंमत सांगते, कारण इथे तुमचं पुस्तक आणि प्रयोग वेगळे पडतात. पुस्तकात ई. कोलायची पिढी वीस मिनिटांची असते. मेसेलसन आणि स्टाल यांच्या साध्या क्षार-ग्लुकोजच्या माध्यमात ती पाऊण तासाहून थोडी जास्त लागत होती. वीस मिनिटं पौष्टिक माध्यमात. परीक्षेत दिलेली वेळ वापरा, पण वीस हा आकडा जिवाणूच्या कपाळावर कोरलेला आहे असं समजू नका.

आता हिशोब. 'वीस मिनिटांची पिढी, ऐंशी मिनिटांनी हायब्रिड आणि हलक्या डीएनएचं प्रमाण किती?' ऐंशी म्हणजे चार पिढ्या. एका रेणूपासून सोळा रेणू. सुरुवातीला जड धागे किती होते? दोन. ते तुटत नाहीत, जड नायट्रोजनवर नवे बनत नाहीत, मरतही नाहीत. दोनच राहतात, दोन वेगवेगळ्या रेणूंत. म्हणजे सोळातले दोन हायब्रिड, चौदा हलके, एकास सात. तुमच्यातल्या काहींनी एकास आठ लिहिलंय, कारण त्यांनी हायब्रिडची तुलना एकूण रेणूंशी केली, हलक्यांशी नाही. एकाने तर लिहिलंय, 'चौथ्या पिढीत हायब्रिड संपतो.' कसा संपेल? दोनचे दोनच आहेत. दहाव्या पिढीतही दोनच असतील, फक्त 1,024 मध्ये. ते फिकट होतात, कारण नमुन्यातला बाकी डीएनए वाढलेला असतो. यंत्राला न दिसणं आणि नसणं यात फरक असतो, हे बारावीला आल्यावर तरी कळायला हवं.

पण थांबा. हायब्रिड बँड मध्यावर आला, म्हणून त्यात एक धागा जड आणि एक हलका असं ठरतं का? मेसेलसन आणि स्टाल यांनी स्वतः असं म्हणायची घाई केली नाही. त्यांनी लिहिलं की डीएनएचा नायट्रोजन दोन भागांत वाटला जातो आणि ते भाग पिढ्यान्पिढ्या शाबूत राहतात. ते भाग म्हणजे वॉटसन-क्रिकचे धागेच, असं पहिल्या निष्कर्षात नाही. कुणी म्हणेल, एक जड आणि एक हलका दुहेरी रेणू शेजारी शेजारी चिकटले असतील. पुढे काही जणांनी असं म्हटलंही. मेसेलसन आणि स्टाल यांनी मात्र त्याच प्रयोगात हायब्रिड डीएनए शंभर अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवला होता. दोन धागे वेगळे झाले. धागा एकेकटा झाला की तो थोडा जास्त घन होतो, म्हणून सगळंच जरा जड बाजूला जातं. पण महत्त्वाचं हे, की मध्यावरच्या एका बँडचे दोन बँड झाले. एक तापवलेल्या पूर्ण जड डीएनएच्या जागी आणि दुसरा तापवलेल्या पूर्ण हलक्या डीएनएच्या जागी. डिस्पर्सिव्ह असतं, तर तापवल्यावरही प्रत्येक धागा मिश्रच राहिला असता आणि बँड एकच राहिला असता. म्हणून आकृतीत ही तापवलेली नळीही काढायची. ती तुमच्यापैकी एकानेही काढली नाही. गाइडात नव्हती ना.

आणि 1963 मध्ये जॉन केर्न्सने ई. कोलायचा अख्खा डीएनए किरणोत्सारी थायमिडिनने उजळवून प्रतिकृती होत असतानाच टिपला. किरणोत्सारी तिथे. इथे नाही. आता तरी घोळ नको.

डेलब्रुकची पिळाची अडचण मात्र खरी निघाली. पीळ सोडवायला पेशीकडे खास एन्झाइमं लागतात. ती धागा कापतात, फिरू देतात आणि परत जोडतात. म्हणजे कापण्याची कल्पना चुकीची नव्हती, फक्त कापून झालं की जुनं आणि नवं मिसळत नाहीत. शंका घेणारा माणूस चुकला, पण त्याची अडचण खोटी नव्हती. तुम्हाला शंकाच येत नाही, हा माझा राग आहे.

आता एक प्रश्न देते. गाइडात नाही, आणि म्हणूनच देते. जिवाणू आधी जड नायट्रोजनवर. मग दोन पिढ्या हलक्यावर. मग पुन्हा एक पिढी जडावर. तीनही कल्पनांप्रमाणे बँड काढा, आणि प्रत्येकाखाली प्रमाण लिहा.

तोंडं का पडली? सेमीकन्झर्व्हेटिव्हचं मीच सांगते, उरलेली दोन तुम्ही काढायची. दोन पिढ्यांनंतर एका मूळ रेणूपासून चार रेणू झाले. आठ धागे, त्यातले दोन जड, सहा हलके. आता एक पिढी जड माध्यमात, म्हणजे प्रत्येक धाग्याला नवा जड जोडीदार. जड धाग्याला जड मिळाला, दोन रेणू पूर्ण जड. हलक्या धाग्याला जड मिळाला, सहा रेणू हायब्रिड. पूर्ण हलका एकही नाही. जड जागी पाव भाग, मध्यावर पाऊण, हलक्या जागी काहीच नाही. लक्षात आलं का, की इथे हलकी जागा रिकामी राहणं हेच उत्तर आहे? कन्झर्व्हेटिव्हमध्ये हलकी जागा रिकामी राहील का, ते तुम्ही ठरवा. डिस्पर्सिव्हमध्ये बँड किती आणि कुठे, तेही. टक्का काढताना आधीचा चौथा भाग विसरू नका.

उद्या वही माझ्या टेबलावर हवी. आकृतीत जड, मध्य आणि हलकी अशा तीन रेघा आधी पट्टीने आडव्या ओढायच्या, मगच बँड काढायचे, आणि बँडचा काळेपणा प्रमाणाइतका गडद करायचा. जिच्यात बँडखाली प्रमाण लिहिलेलं नसेल ती वही मी तपासणार नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या बाकावरच्यांनी सुट्टीनंतर माझ्या टेबलासमोर बसायचं, एकमेकांपासून लांब, आणि हीच आकृती पुन्हा काढायची.